मेल आलाय, पण खिडकीपर्यंत पोचला नाही

मी बंगळुरूला, ट्रान्सक्रिप्टचं सीलबंद पाकीट विद्यापीठाच्या खिडकीवर. स्वतः येणं जमत नसेल तर प्रतिनिधीसाठी ईमेलने अधिकारपत्र पाठवा, असं त्यांच्याच सूचनेत लिहिलेलं. फी, अर्ज वगैरे सुरळीत झालं होतं. मावसभाऊ तिथेच राहतो, म्हणून त्याला पाठवला.

खिडकीवरून त्याचा फोन. "ताई, हे म्हणतायत मेल आलाच नाही."

मेल कालच गेला होता, सूचनेत दिलेल्या पत्त्यावर. पण तो पत्ता मुख्य कार्यालयाचा. खिडकीवरच्या बाबूंसमोर उघडतो तो परीक्षा विभागाचा इनबॉक्स, आणि हा मेल तिकडे कोणी पुढे ढकललेलाच नव्हता. भावाने मोबाईलवर मेल दाखवला तर म्हणे, मोबाईलवरचं चालत नाही, प्रिंट आणा. प्रिंट आणली तर म्हणे, ही सही झेरॉक्स आहे, ओरिजिनल पाहिजे. अहो, ईमेलमधून ओरिजिनल सही कशी येणार? मग जेवणाची सुट्टी. माझं डोकं इतकं तापलं की काय सांगू.

शेवटी भावाला म्हटलं, वाद घालू नकोस, विभागाचा मेल आयडी तेवढा विचार. अर्ज भरताना जो ईमेल दिला होता, त्याच ईमेलवरून कालचा मेल तिकडे फॉरवर्ड केला. विषयात फक्त अर्ज क्रमांक आणि 'प्रतिनिधीस ट्रान्सक्रिप्ट देणेबाबत'. तो खिडकीशी उभा असतानाच मेल त्यांच्या स्क्रीनवर उघडला. अर्जातला ईमेल आणि पाठवणाऱ्याचा ईमेल एकच आहे हे पाहून अधीक्षकांनी प्रिंटवर शेरा मारला, आणि 'ओरिजिनल सही' हा विषयच संपला.

मजकूर असा होता: "मी, (पूर्ण नाव, परीक्षा क्रमांक), माझे ट्रान्सक्रिप्ट स्वीकारण्यासाठी श्री. (आधारवरील पूर्ण नाव, आधारचे शेवटचे चार अंक) यांना अधिकार देत आहे. हा अधिकार फक्त या अर्जापुरता आणि या महिन्याअखेरपर्यंत आहे." खाली माझा मोबाईल नंबर. सोबत सही केलेल्या पत्राचा स्कॅन, माझं ओळखपत्र आणि त्याचं.

प्रतिनिधीचं नाव कार्डावर आहे तसंच लिहा, मधलं वडिलांचं नावही. घरातलं हाकेचं नाव खिडकीवर कोण ओळखणार? आधार मास्क्ड पाठवा, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. पण डाउनलोड केलेली ही पीडीएफ पासवर्डशिवाय उघडत नाही, आणि तिकडचे बाबू पासवर्ड मागायला फोन करत नाहीत. ती स्वतः उघडून, प्रिंटमधून पुन्हा पीडीएफ म्हणून सेव्ह करून जोडा. आणि हो, प्रतिनिधीकडे मूळ ओळखपत्र हवंच, ते हातात घेऊन फोटो बघतात.

रजिस्टरमध्ये सही करण्याआधी त्याला पाकिटावरचं नाव आणि परीक्षा क्रमांक वाचायला सांगा. पाकीट मात्र उघडायचं नाही. सील तुटलं की परदेशातली विद्यापीठं ते घेत नाहीत, आणि मग पुन्हा त्याच खिडकीवर.