आमची वाटचाल: कोटेशन पोहोचायला लागलं तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. कोल्हापूर आणि पुण्याच्या पंपवाल्यांसाठी बीडाच्या कास्टिंगचं मशीनिंग करतो. कित्येक वर्षं सगळा व्यवहार एका फुकटच्या जीमेलवर चालायचा. ते खातं आमच्या जुन्या सुपरवायझरनं स्वतःच्या मोबाईल नंबरवर उघडलं होतं. तो काम सोडून गेला, पुढं त्याचा नंबरही बंद झाला. एक दिवस ऑफिसातला कॉम्प्युटर बदलला, खात्यानं ओटीपी मागितला आणि जुन्या सगळ्या ऑर्डरी, ड्रॉइंगं आत अडकली. ती परत मिळाली नाहीत.

मग वेबसाइटसाठी घेतलेल्या आमच्याच डोमेनवर मेल सुरू केली. पेट्या माणसांच्या नव्हे, कामाच्या नावानं काढल्या: sales आणि accounts. डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींची जी यादी असते, त्या डीएनएसमध्ये एमएक्स नोंद गुगलकडे वळवली आणि येणारी मेल त्याच दिवशी मिळू लागली. आम्हाला वाटलं, झालं काम.

आठवड्यानं पुण्याच्या खरेदी अधिकाऱ्यांचा फोन आला, "अहो शेठ, कोटेशन पाठवताय की नाही? स्पॅममध्ये सापडलं बघा." येणाऱ्या मेलचा रस्ता एमएक्स ठरवते. आपल्या नावानं मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे, हे एसपीएफ नावाची टीएक्सटी नोंद सांगते. खानापूरचा माझा भाचा संगणकाचं काम करतो. त्यानं नोंदी उघडल्या आणि म्हणाला, "मामा, एसपीएफच्या दोन ओळी आहेत इथं."

```
v=spf1 a mx ~all
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

पहिली होस्टिंगवाल्यांनी आधीच घातलेली, दुसरी आम्ही भर घातलेली. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर त्यातली एक निवडत नाही, चूक समजून दोन्ही सोडून देतो. म्हणजे काहीच नसतं तसं. एक ओळ नुसती पुसूनही भागलं नसतं, कारण वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मची मेल होस्टिंगच्या सर्व्हरवरून निघते. म्हणून दोन्हींची एक केली. त्यातला a म्हणजे वेबसाइटचा सर्व्हर.

```
v=spf1 a include:_spf.google.com ~all
```

मेल खरंच आपल्याच डोमेनवरून निघाली हे दाखवणारी डीकेआयएमची सहीही तेव्हाच सुरू केली. तिची नोंद डीएनएसमध्ये टाकली तरी गुगलच्या अ‍ॅडमिनमध्ये जाऊन ती चालू करावी लागते, हे आमच्याकडून राहिलं होतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ आणि डीकेआयएमपैकी किमान एक लागतंच.

दुसऱ्या दिवशी माझ्या घरच्या जीमेलवर कोटेशन पाठवून बघितलं. मेलच्या तीन टिंबांत Show original उघडलं की वर SPF आणि DKIM पुढं निकाल दिसतो. दोन्हीकडे PASS होतं. तीच मेल पुण्याला पाठवली, ती इनबॉक्समध्ये पडली.

हे करताना कळलं, की डोमेनचं लॉगिनच वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर होतं. ते फर्मच्या नावावर करून घेतलं. आता नूतनीकरणाची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलेली असते.