तुम्ही विचारलंत म्हणून : टोटल जुळेपर्यंत

"माणूस चार भिंतींत बंद आहे, दाराला कुलूप आहे. मग त्याला दिवसातून इतक्यांदा मोजायचं कशाला? घंटा, वेळापत्रक, कॅमेरे हेही शिक्षेतच धरायचं का?"

हो, शिक्षेतच धरायचं. निकालपत्रात 'तीन वर्षं सक्तमजुरी' एवढंच असतं. त्या तीन वर्षांतला प्रत्येक तास कसा जायचा हे न्यायाधीश लिहीत नाहीत, ते तुरुंगाचं वेळापत्रक ठरवतं. आधुनिक शिक्षा समजून घ्यायची तर निकालापेक्षा वेळापत्रक आणि गिनती यांच्याकडे आधी बघावं लागतं.

मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताने 1975 साली नेमकं हेच केलं. त्याने दोन कागद शेजारी ठेवले. एका कागदावर 28 मार्च 1757 रोजी पॅरिसमध्ये दामियां नावाच्या माणसाला दिलेल्या मृत्युदंडाचं वर्णन आहे. त्याने राजावर हल्ला केला होता, आणि भर चौकात, गर्दीसमोर त्याच्या शरीराचे तुकडे करण्यात आले. दुसरा कागद सुमारे 80 वर्षांनंतरचा, 1838 चा. त्यावर पॅरिसमधल्या तरुण कैद्यांच्या तुरुंगासाठीची दिनचर्या आहे. उन्हाळ्यात 5 वाजता उठायचं, हिवाळ्यात 6 वाजता. पहिला ढोल वाजला की मुकाट्याने कपडे घालायचे. दुसऱ्या ढोलाला अंथरूण आवरून तयार असायचं. तिसऱ्याला रांगेत प्रार्थनेला निघायचं. दोन ढोलांमध्ये पाच मिनिटं. उन्हाळ्यात पावणेसहाला हात-तोंड धुऊन पाव घ्यायचा आणि सहाला कामावर. दिवसात नऊ तास काम, दोन तास शिकणं. रात्रीही तेच: एका ढोलाला कपडे उतरवायचे, दुसऱ्याला अंथरुणात शिरायचं.

ही दिनचर्या वाचून बहुतेकांना वाटतं की शिक्षा सौम्य झाली. फुकोचं म्हणणं वेगळं आहे. शिक्षेने आपली जागा बदलली, असं तो म्हणतो. आधी ती शरीरावर एकदाच घाव घालायची. आता ती शरीराच्या हालचालींत शिरते आणि रोज थोडी थोडी वसूल होते. उठायचं कधी, खायचं कधी, गप्प कधी बसायचं, यातला एकही निर्णय माणसाच्या हातात उरत नाही. याला तो शिस्त म्हणतो, आणि इथे शिस्त म्हणजे माणूस घडवण्याचं तंत्र.

वेळापत्रकाचा एक उपयोग मात्र सहसा लक्षात येत नाही. त्याने पाळत स्वस्त होते. शंभर माणसं शंभर गोष्टी करत असली तर एका पहारेकऱ्याला काहीच कळणार नाही. दहाच्या ठोक्याला सगळे जेवत असतील, तर जो जेवत नाही तो तेवढा दिसतो. पहारेकऱ्याने शंभर जणांकडे बघायचं नसतं, वेगळ्या दिसणाऱ्या एकाला शोधायचं असतं. जागेचंही तसंच. अमका या बराकीत, या रांगेत, असं ठरलं की रिकामी जागा आपोआप बोलते.

नाशिकरोडला हे समजणं सोपं जातं. तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, नोटांचा छापखाना आहे आणि तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्रही आहे. छापखान्यात कागदाचा प्रत्येक ताव टप्प्याटप्प्याला मोजून पुढे जातो. तोफखान्यात जवानाची हजेरी आणि पावलाची लय मोजली जाते. कारागृहात माणसाची जागा मोजली जाते. तुरुंग हा कारखाना, शाळा आणि छावणी यांच्यासारखाच दिसतो, हे फुकोचं प्रसिद्ध निरीक्षण नाशिकरोडच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. फरक एवढाच की छापखान्यातला कामगार पाळी संपल्यावर घरी जातो.

आता गिनतीकडे येऊ, कारण खरं यंत्र तेच आहे. आपल्याकडे साधारणपणे सकाळी बराक उघडताना, दुपारी बंद करताना आणि संध्याकाळी कुलूप लागताना गिनती होते. रात्री पहारा बदलला की पुन्हा. कैद्यांना जोडीने बसवतात, कारण दोन-दोनच्या रांगा डोळ्याला पटकन मोजता येतात. समजा एका सर्कलमध्ये, म्हणजे तुरुंगाच्या एका विभागात, चार बराकी आहेत आणि सकाळी उघडताना त्यांत 62, 58, 71 आणि 54 म्हणजे एकूण 245 जण होते. दिवसात 3 सुटले, 4 दुसऱ्या सर्कलला गेले, 2 बाहेरच्या रुग्णालयात दाखल झाले आणि 6 नवे आले. संध्याकाळी 242 हवेत. नोंदीप्रमाणे बराकवार आकडा 63, 54, 68, 57.

मोजल्यावर येतात 241. तिसऱ्या बराकीत 68 ऐवजी 67.

अनुभवी माणूस लगेच शिट्टी वाजवत नाही, आधी चूक कोणत्या जातीची आहे ते बघतो. मोजणाऱ्याच्या नजरेतून अख्खी जोडी निसटली असती तर आकडा दोनने कमी, म्हणजे 66 आला असता. इथे एकाचा फरक आहे. 68 माणसांच्या 34 पूर्ण जोड्या व्हायला हव्यात, पण शेवटी एक जण एकटा बसलाय. म्हणजे मोजणी बरोबर आहे, रांगेत खरंच एक माणूस नाही किंवा कागद चुकलाय. मग नावं पुकारतात. नाव सापडलं की चिठ्ठ्या तपासतात, आणि बहुतेकदा उत्तर साधं निघतं: दुपारी त्याला ताप आला म्हणून जेलच्याच दवाखान्यात ठेवलं होतं, चिठ्ठी मात्र सर्कलला पोचली नाही. तोवर सगळे जोडीत बसून. एका चिठ्ठीसाठी 241 माणसांची संध्याकाळ थांबते. गिनती ही शिक्षा का वाटते, ते इथे कळतं.

याहून अवघड चूक म्हणजे एकूण आकडा जुळतो, पण पहिल्या बराकीत 64 आणि चौथ्यात 56 निघतात. पळालं कोणीच नाही. तरीही हे चालत नाही, कारण चौथ्यातला माणूस पहिल्यात झोपला तर उद्या भांडण, चोरी किंवा आजारपण झाल्यावर तो नेमका कुठे होता हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून टोटल बराकवार जुळावी लागते.

सगळ्यात वाईट चूक आकड्यात दिसत नाही. मोजणाऱ्याला किती यायला हवेत हे आधीच ठाऊक असेल, तर थकलेला माणूस न मोजता तोच आकडा सांगतो. यावर उपाय म्हणजे अपेक्षित आकडा एकाकडे आणि मोजणी दुसऱ्याकडे ठेवणं. जिथे महिनोन् महिने रोज पहिल्याच फेरीत सगळं जुळतं, तिथे गिनती होत नसावी असा संशय घ्यावा. इतकी माणसं रोज इकडून तिकडे जात असताना अधूनमधून चुकणं हेच मोजणी खरी असल्याचं लक्षण आहे.

11 जून 1962 च्या रात्री अमेरिकेतल्या अल्काट्राझ तुरुंगातून तिघे निसटले. अंथरुणात त्यांनी स्वतः बनवलेली, केस लावलेली खोटी डोकी ठेवली होती. रात्रीच्या गिनत्यांत तीच मोजली गेली आणि सकाळपर्यंत टोटल जुळत राहिली. पांघरुणाखालचा उंचवटा माणूस म्हणून धरायचा नाही, हालचाल किंवा श्वास दिसला पाहिजे, हा गिनतीचा नियम किती मोलाचा आहे ते या रात्रीवरून कळतं. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत आज 24 तासांत किमान 5 गिनत्या असतात, आणि दुपारी 4 ची गिनती कैद्याने उभं राहून द्यायची असते.

म्हणजे गिनती कैद्यावर नजर ठेवते आणि मोजणाऱ्यावरही. आकड्याखाली त्याची सही असते. हा विचार जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताच्या तुरुंगाच्या आराखड्यातही होता. 1791 मध्ये छापलेल्या त्या आराखड्यात कोठड्या वर्तुळाकार आहेत, मध्ये मनोरा आहे. प्रत्येक कोठडीला बाहेरून आणि आतून खिडकी, त्यामुळे उजेडात कैद्याची आकृती स्पष्ट दिसते. मनोऱ्याच्या खिडक्यांना मात्र पडदे, म्हणून आत कोणी आहे की नाही हे कैद्याला कळत नाही. 'आता बघत असतील' या शक्यतेनेच तो नीट वागू लागतो. बेंथमला हेही हवं होतं की लोकांनी मनोऱ्यात येऊन अधिकाऱ्यांचं काम बघावं. फुकोने या आराखड्यात आधुनिक सत्तेचं चित्र पाहिलं: बघणारा बदलला तरी चालतो, यंत्र चालू राहतं.

कॅमेरे हे त्याचंच पुढचं रूप, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. एक माणूस अनेक पडद्यांसमोर तासन् तास बसला की त्याचं लक्ष उडतं. खांबामागचा कोपरा दिसत नाही. चित्रण ठराविक दिवसांनी पुसलं जातं, आणि तक्रार त्यानंतर आली तर हाती काही उरत नाही. 24 जुलै 2015 रोजी डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सर्व तुरुंगांत कॅमेरे बसवायला सांगितलं, ते कोठडीतल्या छळाला आळा बसावा म्हणून. तिथे नजर तुरुंग चालवणाऱ्यांवर होती. त्यामुळे चित्रण कोणाच्या ताब्यात आणि किती दिवस, हा प्रश्न कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा मोठा आहे.

पाळतीला दात येतात ते वहीमुळे. 1894 च्या तुरुंग कायद्यात अधीक्षकाने ठेवायच्या नोंदी सांगितल्या आहेत आणि त्यांत शिक्षेची स्वतंत्र वही आहे. त्याच कायद्यात कामात आळस, कामात हयगय, आजाराचं सोंग हे तुरुंगातले गुन्हे आहेत. बाहेर या गोष्टींना कोणी गुन्हा म्हणणार नाही. आत त्यांची नोंद झाली की माफीचे दिवस जाऊ शकतात, म्हणजे सुटकेची तारीख पुढे सरकते. न्यायालयाने एकदा दिलेली शिक्षा आत अशी रोज नव्याने मोजली जाते.

मात्र फुकोचा सिद्धांत आपल्या बराकींवर जसाच्या तसा बसवू नये. त्यात एकेकट्याची कोठडी आणि ठरलेलं काम गृहीत आहे. 2022 च्या अखेरीच्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत क्षमतेच्या 131 टक्के माणसं होती आणि त्यांतले जवळपास 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे असे. त्यांच्यावर सक्तमजुरी नसते. त्यामुळे वेळापत्रकातले कामाचे तास त्यांच्यासाठी नुसते बसून राहण्याचे तास होतात. ज्यांना शिक्षाच झालेली नाही, त्यांनाही गिनती मात्र पूर्ण लागू होते. हा अन्याय मला सर्वांत जास्त टोचतो. संध्याकाळी कुलूप लागल्यापासून पहाटेपर्यंत खच्चून भरलेल्या बराकीत कोणाला जागा मिळते आणि कोण संडासाशेजारी झोपतं, हे वेळापत्रकात कुठेच नसतं. ते आतले दांडगे ठरवतात. पहारेकरी गजाबाहेरून बॅटरी मारत आकडा मोजतो, आणि आकडा बरोबर येतो.