चौकटीबाहेरचा पसारा

दुपारी डोळ्यांवर झापड यायच्या वेळेला मेसेज आला. ‘देवघराचं रेंडर हवंय. कोरीव लाकूड, पितळी दिवे, वॉर्म लाइट. बघितल्यावर शांत वाटलं पाहिजे. आणि पसारा अजिबात नको!!!’ शांततेची इतकी आरडाओरडा करून केलेली मागणी माझ्याकडे पहिल्यांदाच आली होती.

घर अजून व्हायचंय. ते होण्याआधी कसं दिसेल ते दाखवणं हे माझं काम. संगणकात भिंती उभ्या करायच्या, त्यांवर लाकूड चढवायचं, दिवे लावायचे, कॅमेरा धरायचा आणि मशीनला रात्रभर राबायला सोडायचं. देवघर मला आवडतं, कारण जागा एवढीशी असते. दोन खांब, वर महिरप, मागे एक पाटी, खाली ओटा आणि त्याखाली खण. दिवाणखान्यात सोफा, पडदे, झाडं यांच्या गर्दीत खपून जाणाऱ्या गोष्टी इथे खपत नाहीत.

पसारा नको म्हटलंय, तर मी सगळी खोलीच रिकामी केली. नुसतं देवघर, समोर काही नाही. पाच वातींची समई ठेवली, पितळेचं मटेरियल चढवलं आणि छोटं रेंडर काढून पाहिलं. समई मेलेली होती. पिवळी होती, पण मोहरीच्या रंगाचा प्लॅस्टिकचा दांडा असावा तशी. एका बाजूने तर चक्क काळी.

हे होणारच होतं. पितळेला लाकडासारखा स्वतःचा रंग नसतो. त्याच्यासमोर जे असेल तेच ते पिवळ्या छटेत परत देतं. समोर काहीच नसेल तर परत काय देणार? नवशिकी मुलं इथे रंग अजून पिवळा करतात, मग अजून चकचकीत करतात, आणि समई जास्तच खोटी होत जाते. दोष समईत नसतोच. तो कॅमेऱ्याच्या पाठीमागे असतो, जिथे कुणी बघत नाही.

आजीच्या घरी देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा होता. लाकूड नाही, महिरप नाही. चुन्याची भिंत, आणि वरच्या बाजूला काजळीचा एक काळा डाग. आजी तो सणाला पुसून काढायची आणि तो पुन्हा बरोबर तिथेच उगवायचा. समई घासायचं काम माझ्याकडे असे, चिंच आणि राख लावून. हात आंबायचे, पण मला ते काम आवडायचं ते शेवटच्या टप्प्यासाठी. धुऊन पुसल्यावर दांड्यावरच्या गोल मण्यात अख्खी खोली दिसायची. मण्याएवढी खिडकी, तिच्या गजांच्या वाकलेल्या रेघा, दोरीवरचे कपडे, दारात निवडत बसलेली आजी, आणि सगळ्यांच्या पुढे माझं भलंमोठं नाक. मग समई फिरवून तेलाच्या वाटीत डोकावलं की तीच खिडकी उलटी. बाहेर फुगलेल्या मण्यात सुलटी आणि आत दबलेल्या वाटीत उलटी, हे का, ते शाळेत आरशांचा धडा आल्यावर कळलं. तोवर मी समजत होते की समईच्या आत एक घर आहे आणि खाली एक आणि वर एक अशी दोन माणसं त्यात राहतात. आजी म्हणायची, “घासून झाली असेल तर दे इकडे, बघत काय बसलीस?”

तर ते घर परत आत घालायचं असतं. मी कॅमेऱ्याच्या मागे एक उंच खिडकी ठेवली, तिला गज दिले. बाजूला एक गडद पडदा. नुसत्या उजेडाने पितळ गोल वाटत नाही. उजळ पट्ट्याशेजारी काळी रेघ आली की त्याला वळण येतं, म्हणून पडदा. एक खुर्ची ठेवली, तिच्यावर घडी न केलेला टॉवेल. टॉवेलची गरज नव्हती, पण मला राहवलं नाही. मग पितळेची झिलई थोडी उतरवली, कारण रोज हाताळलेली समई आरशासारखी कधीच नसते. हात लागतो तिथे लखलखीत आणि नक्षीच्या खाचांत मंद, असं असतं. पुन्हा रेंडर काढलं आणि समई जिवंत झाली. चौकटीत एक वस्तू वाढली नव्हती. पसारा सगळा चौकटीबाहेर होता आणि मण्यांमध्ये वाकून उभा होता.

आता उजेड. ‘वॉर्म लाइट’ म्हणताना लोकांच्या मनात समईचा उजेड असतो, पण चित्रात तो बहुतेक वेळा नसतोच. हिशोब साधा आहे. मेणबत्तीची एक ज्योत साधारण बारा-तेरा ल्युमेन उजेड देते. तेलाची वातही तेवढाच देते असं धरलं तर पाच वाती मिळून साठेक. महिरपीमागे लपवलेली एलईडीची साधी पट्टी एका मीटरला आठशे-हजार ल्युमेन सहज देते. आमच्या देवघरात ती दीड मीटर होती. म्हणजे पट्टीपुढे समई वीसपटीने हरलेली. पट्टी पूर्ण लावली की पाच वाती पेटल्यात की विझल्यात, भिंतीला काही कळत नाही. पुष्कळ सुंदर चित्रांत समई नुसती शोभेला उभी असते आणि उजेडाचं काम पट्टी करते.

मी पट्टी दहा टक्क्यांवर आणली. तेव्हा कुठे समईचा उजेड मागच्या पाटीवर उमटायला लागला. पण खोली अंधारली, म्हणून कॅमेऱ्याचं एक्सपोजर वाढवलं, आणि लगेच ज्योती पांढऱ्याफटक झाल्या, कागदाला भोकं पाडल्यासारख्या. खरी ज्योत आजूबाजूच्या भिंतीपेक्षा शेकडो पटींनी प्रखर असते. डोळा ते निभावून नेतो, चित्र नेत नाही. यावर सगळे करतात तेच मीही करते. दिसणारी ज्योत वेगळी ठेवायची, मंद, केशरी, नुसती बघण्यापुरती. आणि तिच्याच जागी न दिसणारा एक छोटा दिवा, खरा उजेड देणारा. वातीगणिक एक, म्हणजे सावल्याही पाच पडतात आणि एकमेकींवर सरकून कडा मऊ होतात. रंगाचंही तसंच. पट्टी २७०० केल्विनची असली तरी तेलाची ज्योत १९०० च्या आसपास असते, जास्त तांबूस. दोन्हींना एकच रंग दिला की सगळं एकसारखं पिवळं होतं, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा तो आकडा, तोही २७०० वर ठेवला तर तेही जातं, पट्टीखालचं सगळं दुधासारखं पांढरं. तो ४५०० च्या आसपास ठेवला की पट्टी सोनेरी दिसते आणि ज्योत तिच्याहून एक पायरी तांबडी.

खरी-खोटी समई ओळखायची माझी स्वतःची एक खूण आहे, आणि ती काही माझी नाहीच: दिव्याखाली अंधार. उजेड वरच्या वाटीच्या कडेवरून बाहेर पडतो, त्यामुळे दांडा आणि बैठक वाटीच्या सावलीत जातात. कुणाच्याही रेंडरमध्ये मी आधी समईच्या पायाशी बघते. तिथे लख्ख उजेड असेल तर समजावं की ज्योत नुसती चिकटवलेली आहे.

कोरीवकामाला मात्र समईचा काही उपयोग झाला नाही, तिथे पट्टीच लागली. वेलबुट्टी साताठ मिलिमीटर खोल. समोरून उजेड टाकला की ती छापील कापडासारखी सपाट होते. पट्टी पाटीला अगदी खेटून, कडेने घासत जाणारा उजेड दिला की प्रत्येक पानाला एक उजळ आणि एक काळी बाजू मिळते. अर्थात पानं खरोखर उठावाची असली तरच. पुष्कळ जण सपाट लाकडावर उठावाचा नुसता भास देणारं चित्र लावून मोकळे होतात. समोरून ते खपतं, पण असा तिरका उजेड पडला की चोरी पकडली जाते, कारण त्या पानांची सावली शेजारच्या पानावर पडतच नाही. आणि प्रत्येक कडेला मिलिमीटरभर गोलाई द्यायची. सुताराच्या हातून सुरीच्या धारेसारखी कड कधी येत नाही, पॉलिशपेपर फिरतोच.

मग रात्री रेंडर लावलं. अंधाराला वेळ फार लागतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. लख्ख खोली भराभर स्वच्छ होते. जिथे उजेड चार भिंतींवर आपटून जेमतेम पोचतो, त्या कोपऱ्यात सकाळपर्यंत चित्रावर रव्यासारखे ठिपके, दाणे राहतात. ते पुसायला डीनॉइजर असतो, पण तो दाण्यांबरोबर पानांच्या शिराही पुसतो. मी तो अर्ध्यावर ठेवला. थोडे दाणे राहिले तर राहू देत.

चित्र गेलं, आवडलं. ‘अगदी मोकळं वाटतंय’ असं उत्तर आलं. मोकळं वाटणारच. काडेपेटी, तेलाची बाटली, वातींचा डबा, उदबत्तीची राख, कालची फुलं, यांपैकी काही नाही त्यात. खण मी दाखवला होता, पण बंद. प्रत्यक्षात तो किती खोल असावा याचा विचार चित्रात कुणी करत नाही. तेलाची बाटली उभी राहायला हवी, आडवी ठेवली की झिरपते. माझ्या घरचा खण उंचीला तोकडा आहे, म्हणून बाटली ओट्यावर येऊन बसली आहे आणि तिच्यामागोमाग हळूहळू बाकीचे. देवघरातला पसारा आळसाने होतो असं मला वाटत नाही. खण दोन बोटं कमी पडल्याने होतो.

हे सगळं पार पडलं असं वाटत असताना मिस्त्रींचा फोन आला. चित्र त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. “ताई, झ्याक दिसतंय,” ते म्हणाले, “पण वातीपासून महिरप फूटभर वर आहे. रोज दिवा लागणार असेल तर वर्षभरात काळी पडेल. पॉलिश तडकेल ते वेगळंच. धुराचं काय करायचं?”

चित्रात धूर नव्हता. माझ्या ज्योती सरळ उभ्या असतात, पंख्याने हलत नाहीत, काजळी धरत नाहीत. आम्ही फोनवर बराच वेळ घातला. महिरप वर न्यावी तर खांब लांबुडके दिसतात. महिरपीच्या पोटाला दगडाची पातळ फरशी लावता येईल, ती पुसता येते, पण कोरीवकाम तिथेच संपतं. मिस्त्रींचं म्हणणं, समई आत ठेवूच नका, ओट्यावर पुढे आणा, महिरपीच्या बाहेर. धूर सरळ वर जाईल. पटण्यासारखं आहे. फक्त समई पुढे आली की उजेड पाटीवर समोरून पडणार, देवांच्या सावल्या मागे वेलबुट्टीवर जाणार, आणि ओटा भरल्यासारखा दिसणार.

हे मी तसंच्या तसं कळवलं. उत्तर आलं, ‘पण मग मोकळं नाही ना वाटणार?’ मी लिहिलं की धूर चित्रात नाही, घरात असेल. त्यावर अजून काही आलेलं नाही. मी आपली समई पुढे ओढून दुसरं रेंडर लावून ठेवलंय. खुर्ची आता मण्यात जास्त मोठी दिसतेय, टॉवेल काढावा लागेल बहुतेक.