ताळा जुळला, तरी उत्तर चूक

कोल्हापुरात मी दहावीच्या मुलांना घरी गणित शिकवते. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' चालू असताना मी गुळाचं उदाहरण घातलं: मार्केट यार्डातल्या एका दुकानात 1 किलोच्या ढेपा 5 किलोच्या ढेपांच्या चौपट आहेत. एकूण गूळ 189 किलो. प्रत्येक प्रकारच्या ढेपा किती?

एका मुलीने लहान ढेपा x, मोठ्या y मानून लिहिलं: 4x = y आणि x + 5y = 189. मग 21x = 189, x = 9, y = 36. एकही पायरी चुकलेली नाही. ताळाही करून दाखवला: 9 + 180 = 189, आणि नऊचे चौपट छत्तीस. "जुळलं की, काकू!"

जुळणारच. तिने ताळा केला तो स्वतःच्या समीकरणांत, आणि त्यातलं पहिलंच उलटं मांडलेलं होतं. शिवाय इथे उत्तर पूर्णांकात येतं, वजनही भरतं, म्हणून शंका येत नाही. मी वहीतली समीकरणं हाताने झाकली आणि फक्त उत्तर घेऊन उदाहरण वाचायला सांगितलं. लहान ढेपा 9, मोठ्या 36. चौपट कोण आहे? ती थबकली.

आता चूक कुठे झाली ते शोधायचं होतं. मी विचारलं, "वजन विसर. मोठ्या ढेपा 10 असतील तर लहान किती?" लगेच म्हणाली, "चाळीस." म्हणजे वाक्य तिला नीट कळलं होतं. अडीच म्हणाली असती, तर दोष वाचनात असता आणि मला वेगळं शिकवावं लागलं असतं. मग x = 40, y = 10 हे तिच्या 4x = y मध्ये घालायला लावलं. डावीकडे 160, उजवीकडे 10.

"पण चार लहानांमागे एक मोठी, म्हणून 4x लिहिलं," ती म्हणाली. इथे खरं कारण सापडलं. तिच्या मनात x म्हणजे लहान ढेप ही वस्तूच होती, ढेपांची संख्या नव्हे. चित्र बरोबर होतं, पण समीकरणात संख्या लागतात: मोठ्यांची संख्या कमी, म्हणून तिलाच चाराने गुणायचं. x = 4y. मग 9y = 189, मोठ्या 21, लहान 84.

'x = 4y लिही' असं मी आधीच सांगितलं असतं, तर तिने तेवढंच पाठ केलं असतं. वडील-मुलीच्या वयाच्या उदाहरणात ही चूक बहुधा दिसत नाही, कारण मोठं कोण ते मुलांना आधीच माहीत असतं. म्हणून पारखायला ढेपा, पेट्या, खुर्च्या अशीच उदाहरणं घ्यावीत.

पुढचं उदाहरण दिलं: मोठ्या ढेपा लहानांपेक्षा 12 ने कमी. तिने आधी 'x = लहान ढेपांची संख्या' असं पूर्ण लिहिलं, खाली y - 12 = x मांडलं. मग बाजूला मोठ्या 10, लहान 22 असं धरून पाहिलं, आणि सोडवायला घेण्याआधीच ते खोडून y = x - 12 केलं.