दीपप्रज्वलनाची मेणबत्ती

२८ फेब्रुवारी, रात्री साडेदहा

पाय दुखताहेत, पण आजचं आजच लिहून ठेवते.

विज्ञान प्रदर्शनाचं प्रास्ताविक यंदा माझ्याकडे होतं. दरवर्षी काय होतं ते मला पाठ आहे. रामन यांचा फोटो, हार, पंधरा मिनिटांचं भाषण, आणि त्यात कुणीतरी हमखास सांगतं की आज रामन यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबरचा. २८ फेब्रुवारी हा १९२८ साली त्यांना शोध लागला तो दिवस. मागे बसलेली पाचवीची मुलं तोवर एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधत असतात. त्यांना तिथून उठवून टेबलाभोवती आणायचं, एवढंच मी मनाशी ठरवलं होतं.

समई पेटवून झाल्यावर पाहुणे हातातली मेणबत्ती फुंकणार, तोच मी म्हटलं, "विझवू नका, ती मला हवी आहे." सभागृहात एकदम शांतता. मग मी पंखे बंद करायला लावले आणि पाचवी-सहावीला पुढे जमिनीवर बसवलं. टेबलावर दोन पराती होत्या, दोन्हींत दोन-दोन बोटं पाणी आणि त्यात निळी शाई. एका परातीत मेणबत्तीचा एक बोटभर तुकडा मेणानेच चिकटवलेला, दुसरीत तसेच तीन. शेजारी लोणच्याच्या दोन सारख्या काचेच्या बरण्या.

भाषण म्हणून मी जे बोलले ते एवढंच:

"मुलांनो, आज मी काही सांगणार नाही, तुम्ही मला सांगायचं. पेटत्या मेणबत्तीवर बरणी पालथी घातली की ज्योत विझते आणि पाणी आत चढतं, हे तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलंय. आता इकडे एक मेणबत्ती, तिकडे तीन. बरण्या सारख्या. पाणी कुठे जास्त चढेल? तीनमध्ये वाटत असेल तर हात वर. एकीत वाटत असेल तर हाताची घडी. दोन्हीकडे सारखंच वाटत असेल तर हात डोक्यावर. शेजाऱ्याकडे बघायचं नाही!"

पाचवीचे बहुतेक हात वर गेले. आठवीचे जवळजवळ सगळे डोक्यावर. मी आठवीच्या एकाला कारण विचारलं. तो ठामपणे म्हणाला, "बाई, बरणीत ऑक्सिजन एकवीस टक्केच असतो. तो जळून संपला की तेवढीच जागा रिकामी होते, म्हणून पाणी सारखंच चढणार." किती नीट विचार केला होता त्याने! हेच स्पष्टीकरण आम्ही मोठ्यांनीच त्याला दिलेलं आहे. मीही कित्येक वर्षं हेच शिकवलं.

मग बरण्या घातल्या. त्याआधी प्रत्येक बरणी मी ज्योतीच्या वर पाच-सहा सेकंद धरून ठेवली. हे मला परवा रात्री स्वयंपाकघरात कळलं होतं. झटकन बरणी पालथी घातली तर पाणी जेमतेम चढतं, सावकाश उतरवली तर भरपूर. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. मी आधी उथळ ताटली घेतली होती. तीन मेणबत्त्यांच्या बरणीने तिच्यातलं सगळं पाणी ओढून घेतलं आणि मग काठाखालून गुडगुड करत हवा आत शिरली. म्हणून पराती, आणि काठाखाली दोन-दोन नाणी, पाण्याला वाट मिळावी म्हणून.

"आता फक्त काठाकडे बघा," मी म्हटलं. तीनवाल्या बरणीच्या काठातून बुडबुडे बाहेर आले. पुढची मुलं ओरडली, "बाई, बाहेर येतंय काहीतरी!" ज्योती जळत होत्या तोवर पाणी फारसं हललंच नाही. त्या विझल्या आणि मग पाणी सरसर वर गेलं. एकीत साधारण एक बोट, तीनमध्ये जवळजवळ तीन बोटं. पाचवीने असा गलका केला की मुख्याध्यापक सरांनाही हसू आलं.

मी उत्तर दिलं नाही. दोनच प्रश्न विचारले. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असेल, तर ते ज्योत जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं; ते विझल्यावर का चढलं? आणि बुडबुडे कशाचे होते?

आठवीतला तोच मुलगा बराच वेळ बरणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गरम हवा फुगून बाहेर गेली. उरलेली गार झाली, आकसली." आणि मग त्याचं त्यालाच आठवलं, "तीन मेणबत्त्या म्हणजे उष्णता जास्त." मी त्यात एवढीच भर घातली की मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवतच नाही. एकवीसचा साधारण सोळा टक्क्यांवर आला की ज्योत मरते. जो वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो, साधारण दोन तृतीयांश जागा तोच भरून काढतो. त्यामुळे ऑक्सिजनमुळे रिकामी होणारी जागा अगदी थोडी. पाचवीचं उत्तर बरोबर निघालं होतं, पण कारण विचारल्यावर एक चिमुरडी म्हणाली, "तीन जास्त असतात ना, म्हणून." सगळे हसले. मी तिला म्हटलं, "जास्त काय असतं, ते आता शोध."

शेवटी प्रदर्शनाचा नियम सांगितला. प्रत्येक टेबलापाशी थांबायचं आणि मांडणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, "हे कशावरून?" त्याने उत्तर न देता करून दाखवायचं. सगळं मिळून बारा मिनिटं झाली असतील.

दिवसभर हॉलमध्ये "हे कशावरून?" चाललं होतं. ज्वालामुखीवाल्या मुलांनी दुपारपर्यंत सोडा संपवला, कारण प्रत्येकाला व्हिनेगरऐवजी लिंबू घालून बघायचं होतं. पाहुण्यांनाही एका मुलीने विचारलं. त्यांनी खरंच खाली बसून तिच्यासोबत पुन्हा करून पाहिलं. फार बरं वाटलं मला.

पण दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट जेवणाच्या सुट्टीत झाली. सातवीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. "बाई, उष्णतेमुळेच होतं ना? मग ज्योत नसली तरी पाणी चढायला पाहिजे." हा प्रयोग माझ्या डोक्यात नव्हता. आम्ही बरणी आधी कोमट पाण्यात बुडवली, मग गरम पाण्यात, म्हणजे काच तडकू नये. पाणी ओतून टाकून ती लगेच परातीत पालथी घातली. मेणबत्ती नाही, काडी नाही. आणि निळं पाणी हळूहळू वर सरकलं. मुलीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले.

संध्याकाळी आवराआवर करताना तिघं-चौघं पुन्हा त्या बरण्यांभोवती. तीन मेणबत्त्यांच्या बरणीत रात्रीतून पाणी आणखी चढेल का, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो ना? एकाने पातळीवर रबर लावलं. मग आठवीच्या त्या मुलाला शंका आली, रात्री गारव्यानेही हवा आकसेल, मग कळणार कसं? थोडा वाद झाला. शेवटी त्यांनीच दुसऱ्या परातीत मेणबत्ती न पेटवता बरणी पालथी घातली, नळीने आतली थोडी हवा ओढून पाणी तेवढ्याच उंचीवर आणलं आणि तिलाही रबर लावलं.

खोलीला कुलूप लावून किल्ली मी घरी आणली आहे. सकाळी साडेसातला चौघंही दारात येणार आहेत.