काळी पगडी, काळे कुंकू आणि अंजिरी लुगडे

पणजोबा आणि पणजी यांचा पुण्यातल्या स्टुडिओत काढलेला कृष्णधवल फोटो रंगीत करण्यासाठी मी ६०० डीपीआयला स्कॅन केला, जिम्प या चित्रसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून `Image > Mode > RGB` निवडले आणि रंगाला हात घालण्याआधी फोटोतल्या राखाडी छटाच बराच वेळ पाहिल्या. पणजोबांची पगडी जवळजवळ काळी होती आणि पणजींच्या कपाळावरचे कुंकूही त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांइतकेच काळे दिसत होते. कुंकू इतके काळे दिसते, याचा अर्थ फोटो तांबडा रंग जवळजवळ न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचेवर किंवा फिल्मवर घेतलेला असणार. अशा फोटोत लाल वस्तू काळवंडते आणि निळी वाजवीपेक्षा उजळ येते, म्हणून गडद दिसणारे कापड मुळात गडदच होते असे धरून चालत नाही.

लुगड्याच्या रंगाचा उलगडा आत्याने केला. "अगं, ते अंजिरी लुगडं. विरल्यावर त्याची गोधडी शिवली, ती आहे माझ्या ट्रंकेत," असे ती म्हणाली. गोधडीचा वरचा भाग उन्हाने विटला होता, परंतु एका उसवलेल्या शिवणीच्या आत, जिथे उजेड कधी पोचलाच नव्हता, तिथे बोटभर पट्टी मूळ रंगाची राहिली होती. शेजारी पांढरा कागद ठेवून खिडकीच्या उजेडात मी तिचा फोटो काढला आणि कागद पांढरा दिसेल इतपत दुरुस्त करून रंग त्यातूनच उचलला.

रंगाचा थर `LCh Color` या मोडवर ठेवला. हा मोड खालच्या चित्राचा उजळपणा जसाच्या तसा ठेवतो, त्यामुळे काळ्या पगडीवर कितीही लाल फिरवला तरी ती काळपटच राहते. तिच्यासाठी मूळ थराची प्रत घेऊन, मास्कने फक्त पगडी आणि कुंकू उघडे ठेवून, `Curves`ने मधल्या छटा आधी उजळाव्या लागल्या. लुगड्यालाही तेच, पण बेताने. मग निऱ्यांच्या खोलगट भागात अंजिरी थोडा जांभळट आणि उजेडाच्या कडांवर फिका ठेवला, कारण सगळीकडे एकच रंग दिला की कापड रंगीत काचेमागचे वाटते. जरीच्या सावलीत पिवळा घातला तर तो शेवाळी होतो. तिथे तपकिरी, मध्ये मोहरीसारखा पिवळा आणि चमकेवर अगदी फिकट पिवळसर रंग शोभला.

केसांवर मी सर्वांत जास्त वेळ दिला. मधल्या छटांत जेमतेम जाणवेल इतका तपकिरी भरला. तेलाने चापून बसवलेल्या केसांची चमक मात्र रंगहीन, किंचित निळसर ठेवली, कारण चमकेवर तपकिरी चढला की केस मेंदी लावल्यासारखे दिसतात. कपाळाशी आणि भांगाशी केस विरळ असतात व त्यांतून कातडी दिसते, म्हणून त्वचेचा रंग आधी केसांच्या आतपर्यंत नेला आणि त्यावर मऊ ब्रशने, निम्म्याहून कमी अपारदर्शकतेने, केसांचा रंग ओढला. पणजोबांच्या पांढऱ्या मिशांना नुसती पिवळसर झाक पुरली.