ब्रशला चिकटलेलं तेल

"मॅडम, मी नॉनस्टिकवर नुसता ब्रश फिरवते. मग डोशाच्या किंवा पराठ्याच्या पुढे तेल किती चमचे लिहू? का लिहूच नको?"

लिहायचं. माझ्याकडे येणाऱ्यांच्या आहाराच्या वह्यांमध्ये ब्रशचं तेल बहुतेक वेळा "नगण्य" असतं, आणि बरीच वर्षं मीही त्यावर बिनदिक्कत "अर्धा चमचा" म्हणून मोकळी होत होते. एका निवृत्त अकाउंटंट काकांनी मला त्यातून जागं केलं. घरात माणसं तीन, महिन्याला तेल आणतात तीन लिटर. तीन लिटर तेल म्हणजे साधारण पावणेतीन किलो. तिघांत आणि तीस दिवसांत वाटलं तर माणशी रोज तीस ग्रॅम होतात. वहीत मात्र काका रोज तीन चमचे, म्हणजे चौदा ग्रॅमसुद्धा नाही, असं लिहीत होते. "ताळेबंद जुळत नाही हो," ते म्हणाले. सगळा फरक काही ब्रशच्या माथी मारता येणार नाही, फोडणी आणि तळणही असतंच. पण त्या रविवारी मी स्वयंपाकघरात वजनकाटा काढला.

आधी चमच्याचं बघू. आम्ही चमचा म्हणतो तो पाच मिलिलिटरचा, सपाट भरलेला. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास तेल बसतं आणि त्याच्या सुमारे चाळीस कॅलरी होतात. घरातला चमचा तेवढाच असेल असं नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाच्या टोपणाने तपासा, किंवा काट्यावर वाटी ठेवून पाच चमचे तेल ओता, तेवीसच्या जवळपास आकडा यायला हवा. माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या चमच्याने पाच वेळा घातलं तर बाराच ग्रॅम भरले. म्हणजे त्या चमच्याने "दोन चमचे" लिहिणारी बाई खरं तर एकच चमचा खात असते.

आता ब्रश. एका डोशाचं तेल मोजायला जाऊ नका. घरगुती काटा एक-एक ग्रॅमने पुढे सरकतो आणि एका डोशाला लागतंच ग्रॅमभर, तेव्हा आकडा शून्य, एक किंवा दोन काहीही दाखवू शकतो. पूर्ण घाणा मोजायचा. वाटीत तेल घ्या, त्यात ब्रश ठेवा, आणि वाटी, तेल, ब्रश असं सगळं मिळून वजन कागदावर लिहा. काटा शून्यावर आणून तसाच चालू ठेवू नका. तो मध्येच बंद पडतो आणि शून्य हरवतं. शेवटचा डोसा उतरला की तीच वाटी, तोच ब्रश पुन्हा काट्यावर. दोन आकड्यांतला फरक भागिले डोसे.

त्या दिवशी माझं सुरुवातीचं वजन १४२ ग्रॅम होतं, बारा डोशांनंतर १२८. चौदा ग्रॅम गेले. एका डोशाला सव्वा ग्रॅमच्या आत, म्हणजे पाव चमचा. तीन डोसे खाणाऱ्याने वहीत पाऊण चमचा लिहावा.

ब्रश वाटीसकट तोलायचा आग्रह का, तर ब्रश स्वतः तेल धरून बसतो. माझा सिलिकॉनचा ब्रश कोरडा २८ ग्रॅमचा, काम झाल्यावर ३२ भरला. ते चार ग्रॅम कुणाच्या पोटात गेले नाहीत, साबणाबरोबर मोरीत गेले. मी वाटीत चमच्याने तेल मोजून घातलं असतं आणि शेवटी फक्त वाटीतलं उरलेलं मोजलं असतं, तर ते चार ग्रॅमही डोशांच्या नावावर चढले असते. काटा नसेल तर मात्र याच रस्त्याने जावं लागतं: सुरुवातीला सहा चमचे मोजून घ्या, शेवटी ब्रश वाटीच्या काठावर नीट निथळून उरलेलं चमच्याने परत मोजा. थोडं जास्तच येईल, चालेल.

डोशाला इतकं कमी पुरतं कारण नॉनस्टिकवर पीठ घालण्याआधी तेल लागतच नाही. उलट लावलं तर पीठ पसरायच्या ऐवजी पळीबरोबर गोळा होतं. शिवाय त्या लेपावर तेलाचे मणी होतात, ते सपाट पसरत नाही. मग "लागलंच नाही वाटतं" म्हणून हात पुन्हा वाटीकडे जातो. डोसा पसरला, वरची ओल गेली, की कडेने एकदा ब्रश फिरवावा. कड सुटायला तेवढं बास.

पराठ्याने मात्र माझा अंदाज साफ चुकवला. मेथीचे आठ पराठे केले, ब्रशनेच, दोन्ही बाजूंना. १५० वरून काटा १२६ वर आला. चोवीस ग्रॅम, म्हणजे पराठ्यामागे तीन. डोशाच्या अडीचपट! कारण तव्यावरच दिसत होतं. लाटताना लावलेली कोरडी पिठी तेल पिऊन टाकते, पराठा पुन्हा कोरडा दिसतो आणि आपण पुन्हा ब्रश फिरवतो. दुसऱ्या खेपेला पराठे तव्यावर टाकण्याआधी पिठी झटकली, तेव्हा ब्रशचे फेरे आपोआप कमी झाले.

आणि कणकेतलं तेल? भिजवताना मी तीन चमचे मोहन घातलं होतं. ते चौदा ग्रॅम धरले की एकूण अडतीस होतात, आठांत वाटले तर एका पराठ्यात पावणेपाच ग्रॅम. सरळ एक चमचा. ज्या वहीत "पराठे २, ब्रशने, तेल नगण्य" असं लिहिलेलं असतं तिथे दोन चमचे हवेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसभराचं तेल-तूप सत्तावीस ग्रॅम आहे. त्यातला तिसरा हिस्सा नाश्त्यालाच संपला. बटाट्याचा पराठा असेल तर सारणाच्या फोडणीचं तेल आणखी वेगळं.

हे रोज करायचं नाही. डोशाचा आणि पराठ्याचा प्रत्येकी दोन-तीनदा घाणा मोजा, सरासरी फ्रिजच्या दारावर चिकटवा आणि वहीत तीच लिहीत जा. तव्याचा लेप झिजला, ब्रश बदलला किंवा करणारं माणूस बदललं की पुन्हा मोजा. शेवटचं महत्त्वाचं. पुढच्या रविवारी तेच पीठ, तोच तवा, तोच ब्रश सासूबाईंच्या हाती दिला. "मी तर तेल नावालाच लावते गं," असं म्हणत त्यांनी बारा डोसे घातले आणि काटा बावीस ग्रॅमनी उतरला. डोसे माझ्यापेक्षा कुरकुरीत झाले होते, हेही वहीत लिहायला लागलं.